नखावरचे खळगे

तिसगावात ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या मावशींच्या मधल्या बोटात अंगुस्तान जाईना झालं, तेव्हा मी त्यांना घेऊन नगरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. दीड वर्षापूर्वी एकीकडे त्यांचा आरए फॅक्टर निगेटिव्ह आला होता आणि ‘म्हणजे वात नाही’ असं सांगून दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. नखं बिघडली, त्यावर बुरशीचं मलम सुरू होतं.

डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि मावशींचा हात खिडकीच्या उजेडात धरला. नखांवर बारीक बारीक खळगे होते, अगदी अंगुस्तानावर असतात तसे. एक नख टोकाकडून सुटून पिवळट झालं होतं.

“डोक्यात कोंडा होतो का?”

“होतो की. खवलेच निघतात.”

केसांखाली आणि कानामागे सोरायसिसचे चट्टे निघाले. मावशींनी ते कुणाला दाखवलेच नव्हते. सांध्यांशी त्यांचा काय संबंध?

संबंध नखाच्या मुळाशी आहे. बोट सरळ करणारी कंडरा शेवटच्या सांध्यापाशी हाडाला जिथे चिकटते, त्याला लागूनच नखाचं मूळ असतं. तिथली सूज दोघांनाही पोचते. शिवाय आमवातात बहुधा सांधा सुजतो. मावशींचं बोटच्या बोट, मुळापासून टोकापर्यंत, एकसारखं फुगलं होतं. सांध्यांबरोबर कंडरेभोवतीचं आवरणही सुजलं की असं होतं.

सांध्याला सूज आहे हे ठरल्यावर, सोरायसिसचा संधिवात म्हणायला २००६ च्या कॅस्पर निकषांत तीन गुण पुरतात. डॉक्टर बोटांवर मोजत गेले. चट्ट्यांचे दोन, नखांचा एक, फुगलेल्या बोटाचा एक, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह, त्याचा एक. मी दचकले. ज्या रिपोर्टनं मावशींना दीड वर्ष घरी बसवलं, तोच त्यांच्या आजाराच्या बाजूनं मोजला जात होता! सहावा गुण एक्स-रेनं दिला: सांध्याची कड कुरतडलेली आणि शेजारीच कापसाच्या पुंजक्यासारखं नवं हाड. आमवातात हाड झिजतं, असं नवं सहसा येत नाही. तीन पुरत होते, मावशींचे सहा भरले.

यकृत आणि रक्ताच्या तपासण्या करून मेथोट्रेक्सेट सुरू झालं, पंधरा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘सोमवार’ लिहून त्याभोवती गोल केला. ही गोळी चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर बायोलॉजिक इंजेक्शन, पण त्याआधी क्षयाची तपासणी. कंबर धरली असती तर मेथोट्रेक्सेटचा उपयोग नव्हता. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. त्या थांबवल्या की चट्टे उसळू शकतात.

बोट सुजलं असेल तर डॉक्टरांपुढे नखंही ठेवा, डोक्यातले खवलेही सांगा. नेलपॉलिश काढून जा.