१४४ कोणत्या गटात पडतो?

२०१५ सालच्या गेट परीक्षेत, संगणकशास्त्राच्या पेपरात, एक छोटा प्रश्न होता. 200.10.11.144/27 या नेटवर्कमध्ये एखाद्या संगणकाला देता येईल असा शेवटचा पत्ता कोणता? उत्तरात त्या पत्त्याचा फक्त चौथा आकडा लिहायचा होता. पर्याय दिलेले नव्हते, त्यामुळे अंदाजाने खूण करायची सोयही नव्हती.

वर्गात याची जी रीत शिकवतात ती लांबची आहे. पत्ता बायनरीत लिहायचा, त्याखाली मास्क लिहायचा, एकेका बिटाचा ‘अँड’ घ्यायचा आणि आलेलं उत्तर परत दशमानात आणायचं. रीत अचूक आहे, पण घाईत बत्तीस शून्य-एक मांडताना एखादा हमखास सरकतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या मात्र लवकरच लक्षात येतं की या विषयावरचे बहुतेक प्रश्न एकच गोष्ट विचारतात: दिलेला आकडा कोणत्या गटात पडतो?

आयपी पत्ता बत्तीस बिटांचा असतो आणि आपण तो ० ते २५५ मधल्या चार आकड्यांत लिहितो. /27 म्हणजे पहिले २७ बिट नेटवर्कची ओळख सांगतात आणि उरलेले ५ त्या नेटवर्कमधल्या संगणकांना मिळतात. पाच बिटांचे ३२ पत्ते होतात. म्हणून चौथ्या आकड्याचे बत्तीस-बत्तीसचे गट पाडायचे: ०, ३२, ६४, ९६, १२८, १६०. आपला १४४ हा १२८ आणि १६० यांच्या मधे येतो, म्हणजे त्याचा गट १२८ ते १५९. यातला पहिला पत्ता खुद्द नेटवर्कचा आणि शेवटचा सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा, म्हणजे ब्रॉडकास्टचा. हे दोन्ही संगणकाला देत नाहीत. उत्तर आलं १५८.

इथे सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे १४४ हीच गटाची सुरुवात धरणं. मग गट १७५ला संपतो आणि उत्तर १७४ लिहिलं जातं. ही चूक पकडणं सोपं आहे, कारण गटाची सुरुवात नेहमी गटाच्या आकाराने निःशेष भागली जाते आणि १४४ला ३२ने भाग जात नाही. प्रश्नात /27 ऐवजी 255.255.255.224 असा मास्क दिला असेल, तर गटाचा आकार आणखी झटपट मिळतो: २५६ वजा २२४, म्हणजे ३२.

हीच वजाबाकी २००६च्या प्रश्नात तिसऱ्या आकड्यावर करावी लागते. तिथे दोन संगणक आहेत. पहिल्याचा पत्ता 203.197.2.53, मास्क 255.255.128.0. दुसऱ्याचा पत्ता 203.197.75.201, मास्क 255.255.192.0. दोघं एकमेकांना आपल्याच नेटवर्कमधले समजतील का?

पहिल्याच्या हिशेबाने गट १२८चे, म्हणून २ आणि ७५ एकाच गटात. दुसऱ्याच्या हिशेबाने गट ६४चे, म्हणून ७५ हा ६४पासूनच्या गटात आणि २ शून्यापासूनच्या. म्हणजे पहिला दुसऱ्याला घरचा समजतो, दुसरा पहिल्याला बाहेरचा. अनेकांना हे उत्तर अशक्य वाटतं आणि ते ‘दोघंही समजतात’ किंवा ‘दोघंही समजत नाहीत’ यांपैकी काहीतरी निवडतात. पण मास्क पॅकेटबरोबर प्रवास करत नाही. प्रत्येक संगणक स्वतःचाच मास्क दोन्ही पत्त्यांना लावून पाहतो. प्रत्यक्षातही एखाद्या संगणकाचा मास्क चुकीचा भरला गेला की असंच होतं: एक बाजू थेट पाठवते आणि दुसरी तिचं उत्तर राउटरकडे देते. २०१९ला हाच सांगाडा सोप्या रूपात परत आला. 100.10.5.2, 100.10.5.5 आणि 100.10.5.6 असे तीन संगणक, सगळ्यांचा मास्क 255.255.255.252. गट चारचे, म्हणून ५ आणि ६ एकत्र, २ वेगळा.

२०१२च्या प्रश्नात गट ओळखायचे नाहीत, वाटायचे आहेत. एका इंटरनेट कंपनीकडे 245.248.128.0/20 हा संच आहे. त्यातला अर्धा ‘अ’ संस्थेला, पाव ‘ब’ संस्थेला द्यायचा आहे. /20 म्हणजे तिसऱ्या आकड्यात १६चा गट, १२८ ते १४३. अर्धा म्हणजे ८चा गट, /21. पाव म्हणजे ४चा गट, /22. एवढं कळलं की चारपैकी दोन पर्याय तिथेच गळतात, कारण त्यांत ‘अ’ला /22 किंवा /24 दिलं आहे. उरलेल्या दोनपैकी एकात दोन्ही संस्थांचे संच १२८पासूनच सुरू होतात, म्हणजे एकावर एक चढतात. राहतो ‘अ’ला 245.248.136.0/21 आणि ‘ब’ला 245.248.128.0/22 हा पर्याय. गळालेल्या पर्यायांमध्ये 245.248.132.0/21 असाही एक संच आहे. तो मुद्दाम ठेवलेला दिसतो, कारण १३२ला ८ने भाग जात नाही आणि असा संच अस्तित्वातच असू शकत नाही. खरं तर २४०पासून पुढचे पत्ते राखीव आहेत, त्यामुळे ते कोणत्याच कंपनीकडे नसतात. परीक्षकाने केवळ आकडेमोडीपुरते ते घेतलेले आहेत.

जुन्या प्रश्नांवर विसंबताना त्यांचं वयही पाहावं लागतं. २००७ला विचारलं होतं की ‘ब’ वर्गाच्या नेटवर्कमध्ये सबनेटसाठी ६ बिट दिले तर जास्तीत जास्त किती सबनेट होतील आणि प्रत्येकात किती संगणक बसतील. ‘ब’ वर्गात मोकळे बिट १६, त्यातले ६ गेले, उरले १०, म्हणजे १०२४ पत्ते आणि १०२२ संगणक. सबनेट मात्र ६४ की ६२? १९८५च्या आरएफसी ९५० या दस्तऐवजानुसार सगळी शून्यं आणि सगळे एक असलेले सबनेट वापरायचे नसत. १९९५च्या आरएफसी १८७८ने ती प्रथा कालबाह्य ठरवली. पर्यायांमध्ये ‘६४ आणि १०२२’ ही जोडीच नव्हती, त्यामुळे ‘६२ आणि १०२२’ हेच निवडावं लागत होतं. विद्यापीठाच्या लेखी पेपरात पर्याय नसतात. तिथे ६४ धरले की ६२, हे एका वाक्यात लिहून पुढे जाणं शहाणपणाचं.

वजाबाकीची युक्ती जिथे सपशेल फसते असा प्रश्न २००३चा. मास्क 255.255.31.0. २५६मधून ३१ गेले की २२५ उरतात आणि त्यांचा काही अर्थ लागत नाही. मास्कमध्ये सगळे एक डावीकडे सलग असतील तरच ही युक्ती चालते. त्यामुळे मास्कचा कोणताही आकडा ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ किंवा २५५ यांपैकीच एक असायला हवा. ३१ या यादीत नाही हे दिसताच ‘अँड’कडे वळायचं. ३१ म्हणजे शेवटचे पाच बिट, म्हणून तिसऱ्या आकड्याला ३२ने भागून बाकी काढली की काम होतं. 128.8.129.43 आणि 128.8.161.55 या जोडीत पहिले दोन आकडे सारखे आहेत, आणि १२९ व १६१ या दोन्हींची बाकी १ येते. पर्यायांमधली नेमकी हीच जोडी एका नेटवर्कची.