सर्व्हर गप्प झाला, हे कळतं कुणाला?

प्रोसेसरवर किती ताण आहे, डिस्क किती भरली, असे सर्व्हरचे आकडे थोड्या थोड्या वेळाने एका जागी जमवले की त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवता येतं. जमवण्याच्या रीती दोन. ‘पुश’मध्ये प्रत्येक सर्व्हर आपले आकडे स्वतः पाठवतो, ग्राफाइट ही जुनी प्रणाली अशी चालते. ‘पुल’मध्ये मध्यवर्ती यंत्र एकेका सर्व्हरकडून आकडे मागून घेतं. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं प्रोमिथियस या दुसऱ्या रीतीचं.

समजा, एका छोट्या कंपनीचे सहा सर्व्हर आहेत: पाच डेटा सेंटरमध्ये आणि एक कार्यालयात. एवढ्यांचा भार दोन्ही रीती सहज पेलतात. फरक दिसतो तो एखादा सर्व्हर बंद पडल्यावर.

पुशमध्ये त्याचे आकडे यायचे थांबतात, एवढंच. ‘डिस्क ९० टक्के भरली तर कळवा’ असा नियम असला, तरी तपासायला आकडाच नसतो, म्हणून इशाराही येत नाही. पुलमध्ये कुणाला विचारायचं याची यादी मध्यवर्ती यंत्राकडे असते. उत्तर आलं नाही की प्रोमिथियस त्या सर्व्हरपुढे `up` या नावाने शून्य नोंदवतं. मग सहाही सर्व्हरांसाठी एकच नियम पुरतो:

```
up == 0
```

ही स्थिती दोन मिनिटं टिकली तरच कळवा, असं सांगितलं की क्षणिक अडथळ्यांचा त्रासही टळतो. मात्र यादीत नोंदवायचा राहिलेला सर्व्हर बंद पडला, तर पुललाही त्याचा पत्ता लागत नाही.

कार्यालयातला सर्व्हर राउटरच्या मागे असल्याने बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. इथे पुशचा मोह होतो. प्रोमिथियसचीच एक छोटी प्रत तिथे बसवून आकडे मुख्य यंत्राकडे ढकलता येतात, पण त्यात एक फसगत आहे. `up` आता ती छोटी प्रतच नोंदवते. कार्यालयाची वीज गेली तर शून्य पाठवायलाही कुणी उरत नाही आणि वरचा नियम गप्प राहतो. त्यासाठी `absent()` वापरून त्या एका सर्व्हरचा वेगळा नियम लिहावा लागतो. त्यापेक्षा वायरगार्डचा बोगदा बरा. तो कार्यालयाच्या बाजूने उघडतो, `PersistentKeepalive = 25` लिहिलं की राउटर ती वाट बंद करत नाही आणि सहावा सर्व्हरही त्याच नियमाखाली येतो. बोगदा जोडल्यावर कार्यालयातलं इंटरनेट मुद्दाम काढून इशारा येतो का, हे पाहावं.

रात्रीचा बॅकअप मात्र काही मिनिटांत संपतो. विचारायला जावं तोवर तो थांबलेला असतो. अशा कामांचे आकडे पुशगेटवेकडे पाठवता येतात, पण तो शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतो. बॅकअप आठवडाभर झाला नाही तरी जुनं ‘यशस्वी’ दिसत राहतं. म्हणून यशाची खूण न ठेवता यशाची वेळ नोंदवावी. बॅकअपच्या स्क्रिप्टने ती एका फाइलमध्ये लिहिली की नोड एक्सपोर्टर ती इतर आकड्यांबरोबर देतो, पुशगेटवेची गरजच राहत नाही:

```
time() - backup_last_success_seconds > 93600
```

९३,६०० सेकंद म्हणजे २६ तास. एखाद्या रात्री बॅकअपला थोडा उशीर झाला तर चालावं, म्हणून वरचे दोन तास.