बेंबीपासून उजवीकडे सरकणारी कळ

अपेंडिक्सला सूज येते तेव्हा दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते. मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर अपेंडिक्सच्या नसा पोहोचतात, तिथेच बेंबीजवळच्या त्वचेच्या नसाही येतात, आणि मेंदूची गल्लत होते. हे दुखणे बोथट असते. जागा विचारली तर रुग्ण पोटावर सगळा तळहात फिरवतो. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराच्या नसा नेमकी जागा सांगतात, म्हणून कळ उजवीकडे खाली सरकते. आता रुग्ण एकच बोट ठेवतो: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, साधारण एक तृतीयांश अंतरावर. खोकला आला की तिथेच चमक मारते.

उजवीकडे वर दुखले तर संशय पित्ताशयावर जातो. त्याची कळ उजव्या खांद्यातही उमटते. डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग असतो. मात्र हा नकाशा फसवतोही. अपेंडिक्स आतड्यामागे दडलेले असेल तर पोट दाबून फारसे दुखत नाही, कंबर दुखते. तरुण स्त्रीच्या उजव्या ओटीपोटातल्या कळेमागे गर्भनलिकेतला गर्भही असू शकतो. म्हणून आधी गर्भचाचणी करावीच.