भरदुपारी कमानिया गेटवर रात्र

व्हिडिओ गडद केला, वर निळी छटा चढवली की दिवसाची रात्र होते, असा समज आहे. जबलपूरच्या कमानिया गेटचं दुपारचं एखादं चित्रण घेऊन हे करून पाहा. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण सांगणारी ही कमान ऐन बाजारात उभी आहे. चित्रण सरसकट गडद केलं की कमान काळवंडते, पण तिच्यामागचं आकाशच चौकटीत सगळ्यांत उजळ राहतं. रात्र होत नाही, पावसाळी दुपार होते. बाजारातल्या रात्री उजेड दिव्यांपासून निघतो आणि वर जाता जाता विरतो. दुपारी तो वरून खाली येतो. हा क्रम उलटा करायचा असतो. म्हणून आकाशावर वेगळा मास्क लावून ते कमानीपेक्षा गडद करावं लागतं. चित्रणातच ते पांढरंफटक झालं असेल, तर गडद केल्यावर राखाडी पत्र्यासारखं दिसतं आणि विजेच्या तारांभोवती पांढरी कड उरते.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो ‘उजळ भाग जपा’ या सूचनेचा. सगळेच उजळ भाग जपायचे नसतात. दुपारी कमानीखालून जाणाऱ्याचा पांढरा सदरा, स्कूटरच्या आरशावरची तिरीप आणि दुकानातला पेटलेला बल्ब, तिन्ही उजळच. पण पहिल्या दोन्हींचा उजेड सूर्याचा आहे. ते जपले तर लबाडी तिथेच उघडी पडते. त्यांना खाली ओढायचं आणि फक्त बल्ब मास्कने राखायचा. तो निळा न होता पिवळसर राहायला हवा, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवरही थोडी पिवळी झाक द्यायला हवी. नाहीतर दिवा पेटलेला दिसतो, पण त्याचा उजेड कुठेच पडत नाही.

चांदणं निळं असतं, हाही गैरसमज. ते म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, किंचित तांबूसही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला तांबडा रंग काळपट आणि निळा त्यामानाने उजळ दिसतो. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. म्हणून निळं वाढवण्याआधी तांबडं उतरवा. लाल साडी लालभडकच राहिली, तर कितीही निळं ओतलं तरी रात्र होत नाही. दिव्याचा उजेड पोहोचतो तिथे तर निळं नकोच.

चित्रीकरणच अंधारं करावं, हा सल्ला फिल्मच्या काळापासून चालत आला आहे. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’च्या (२०१५) रात्रीच्या दृश्यांसाठी मात्र उलट केलं गेलं. दिवसा जाणूनबुजून जास्त उजळ चित्रीकरण करून ते नंतर गडद केलं, त्यामुळे सावल्यांतला तपशील कणकण न दिसता टिकला. मोबाइलवर इतकी मोकळीक नसते. आकाश फाटणार नाही इतपतच उजेड घ्या आणि सूर्य कमानीमागे असेल अशी वेळ निवडा.

काम झाल्यावर रंग पूर्ण काढून चित्र कृष्णधवल करून पाहा. नजर आधी बल्बवर गेली तर रात्र जमली. सदऱ्यावर किंवा आकाशावर गेली, तर मास्ककडे परत जा.