अठरा क्युबिटमधला सीटी स्कॅन

क्वांटम संगणक कर्करोग क्षणात ओळखणार, स्कॅनचे विश्लेषण कोट्यवधी पटींनी वेगवान होणार, अशा बातम्या अलीकडे रुग्णांचे नातेवाईकही मोबाइलवर दाखवतात. त्यातल्या बऱ्याच दाव्यांच्या मुळाशी २००९ साली प्रसिद्ध झालेली एक गणिती रीत आहे. अ‍ॅरम हॅरो, अविनातन हसिदिम आणि सेथ लॉइड या तिघांच्या आडनावांवरून तिला ‘एचएचएल’ म्हणतात. रीत खरी आहे, तिची सिद्धताही पक्की आहे. पण तिच्यासोबत येणाऱ्या अटी बातमीपर्यंत पोहोचत नाहीत. त्या समजून घ्यायला सीटी स्कॅनइतके सोपे उदाहरण नाही.

सीटी यंत्र शरीराचा फोटो काढत नाही. ते क्ष-किरण एका बाजूने सोडते आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचले ते मोजते. किरणाच्या वाटेवरच्या सगळ्या ठिपक्यांनी मिळून त्याला किती अडवले, एवढेच त्यातून कळते. म्हणजे प्रत्येक मोजमाप हे एक समीकरण, आणि प्रत्येक ठिपक्याची घनता हे एक अज्ञात पद. शाळेत आपण दोन समीकरणांतून ‘क्ष’ आणि ‘य’ काढत होतो, तेच हे गणित. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला, तेव्हा एका चित्रात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० ठिपके होते आणि त्यांच्यासाठी २८,८०० मोजमापे घेतली होती. आज एका छेदाचे चित्र ५१२ गुणिले ५१२ चे असते. त्यात २,६२,१४४ अज्ञात पदे येतात.

आता क्वांटमची जादू पाहा. एक क्युबिट वाढवला की त्यात एकाच वेळी सामावणाऱ्या संख्या दुप्पट होतात. २ चा १८वा घात बरोबर २,६२,१४४ होतो. म्हणजे अख्खा छेद अवघ्या १८ क्युबिटमध्ये मावतो! एचएचएल रीत समीकरणे सोडवते तीही याच हिशेबाने. अज्ञात पदे दुप्पट झाली तरी काम दुप्पट होत नाही, ढोबळमानाने एका पायरीची भर पडते. कोट्यवधी पटींचे दावे येतात ते इथून.

पण आमच्या रुग्णालयात कुणालाही विचारा, सीटीला वेळ कुठे लागतो? यंत्र काही सेकंदांत फिरून मोकळे होते. वेळ जातो तो स्ट्रेचरवरून रुग्णाला टेबलावर नीट घेण्यात आणि नंतर रिपोर्ट हातात पडण्यात. क्वांटम संगणकाचेही दुखणे नेमके हेच आहे.

आधी टेबलावर घेण्याची गोष्ट. हल्लीचे यंत्र एका फेरीत हजारेक कोनांतून, प्रत्येक कोनाला आठ-नऊशे मोजमापे घेते. हे आठ-नऊ लाख आकडे साध्या विजेच्या संकेतांत असतात. ते १८-२० क्युबिटांच्या नाजूक अवस्थेत उतरवायचे, तर प्रत्येक आकड्याला निदान एकदा हात लावावाच लागतो. मग ‘दुपटीला एक पायरी’ हा फायदा राहिला कुठे? यावर उपाय म्हणून ‘क्यूरॅम’ नावाची खास क्वांटम स्मृती सुचवली गेली आहे. आकडे एकदा तिच्यात भरले की हवे तेव्हा सगळे एकदम उचलता येतील, अशी कल्पना. उपयोगी पडेल इतकी मोठी क्यूरॅम अजून कुणी बांधलेली नाही. शिवाय तीही एकदा भरावी लागतेच. तीच माहिती हजारदा वापरायची असेल तर तो खर्च वाटला जाईल, पण आमच्याकडे प्रत्येक रुग्णाचे आकडे नवे असतात.

रिपोर्टची गोष्ट मात्र याहून अवघड. एचएचएल संपते तेव्हा उत्तर क्युबिटांच्या अवस्थेत असते, कागदावर नसते. ती अवस्था मोजायला गेलो की मोडते आणि हाती फक्त एका ठिपक्याचा क्रमांक येतो. कोणता येईल हे संभाव्यतेवर ठरते आणि ती ठिपक्याच्या किमतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कवटीचे दाट हाड पाण्याच्या साधारण दुप्पट किरण अडवते, म्हणून त्याचा क्रमांक चौपट वेळा येईल. हवेचा जवळजवळ येणारच नाही. चित्र हवे असेल तर हा सगळा खेळ पुन्हा पुन्हा करून कोणता क्रमांक किती वेळा आला ते मोजत बसायचे.

किती वेळा? मेंदूतील ग्रे मॅटर आणि व्हाइट मॅटर यांच्यात फरक असतो तो शेकडा एकच्या आसपास. पक्षाघाताच्या पहिल्या तासांत हाच फरक पुसट झालेला आम्ही शोधत असतो. तो दिसायचा तर प्रत्येक किमतीतली चूक अर्धा टक्क्याच्या आत हवी. एखादा क्रमांक १०० वेळा आला तर मोजणीत १० टक्क्यांची चूक संभवते. १०,००० वेळा आला तर एक टक्क्याची, आणि वर्गमूळ घेतल्यावर किमतीत अर्धा टक्क्याची. आता २,६२,१४४ ठिपके गुणिले १०,००० करा. साधारण २६२ कोटी वेळा. आणि मोजताच अवस्था मोडत असल्याने प्रत्येक वेळी ते लाखो आकडे नव्याने चढवायचे! चतुर युक्त्यांनी ही संख्या बरीच उतरवता येते, पण ठिपके जितके आहेत त्याच्याखाली ती जात नाही. संपूर्ण उत्तर वाचायला निघालो तर फायदा संपतो, हे हॅरो आणि सहकाऱ्यांनी आपल्या मूळ निबंधातच सांगितले आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग रीत निरुपयोगी का? तसेही नाही. माहिती छोट्या सूत्रातून तयार होत असेल आणि उत्तरात एकच आकडा हवा असेल, तर ती शोभून दिसते. २०१३ साली क्लेडर, जेकब्स आणि स्प्राउस यांनी एखाद्या वस्तूवरून रडारच्या लहरी किती परततात, हे काढण्यासाठी ती सुचवली. तिथे वस्तूचा आकार सूत्राने सांगता येतो आणि विचारायचा आकडा एकच असतो. रुग्णाची कवटी कुठल्या सूत्रात बसत नाही.

क्वांटम मशीन लर्निंगमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. २०१६ साली केरेनिडिस आणि प्रकाश यांनी ग्राहकाला काय आवडेल ते सुचवणारी एक वेगवान क्वांटम रीत मांडली. माहिती विशिष्ट रचनेत आधीच भरलेली आहे, हे त्यात गृहीत होते. दोन वर्षांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या इविन टँग यांनी साध्या संगणकालाही तशीच भरलेली माहिती दिली, आणि तोही त्याच तऱ्हेच्या वेगाने उत्तर काढतो हे सिद्ध केले. थोडा मागे राहतो, पण कोट्यवधी पटींची दरी उरत नाही. म्हणजे त्या प्रश्नात वेगाचे बरेचसे श्रेय माहिती भरण्याच्या सोयीला होते, क्युबिटांना नव्हे.

म्हणून ‘क्वांटम निदाना’ची बातमी आली की मी आधी पाहतो, चित्र आत कसे गेले? २०१८ मध्ये फार्ही आणि नेवन यांनी हाताने लिहिलेले आकडे ओळखण्याचा प्रयोग केला होता. मूळ चित्रे २८ गुणिले २८ ठिपक्यांची होती. ती आधी ४ गुणिले ४ करून घ्यावी लागली, आणि ओळखायचे होते ते फक्त ३ की ६. तेही साध्या संगणकावर क्वांटम यंत्राची नक्कल करून. त्यांनी हे सारे उघडपणे लिहिले आहे. पण छातीचा एक्स-रे १६ ठिपक्यांवर आणला, तर त्यात क्षयाचा डाग शोधायला उरतो कुठे?