सिग्नलला इंजिन बंद का पडत नाही?

मीटरवर इंग्रजी A, त्याभोवती गोल फिरणारा बाण आणि त्या सगळ्यावर एक आडवी रेघ. काही गाड्यांत रेघेऐवजी OFF असं लिहिलेलं असतं. हे चिन्ह दिसलं की बरेच जण थेट गॅरेज गाठतात. खरं तर स्टार्ट-स्टॉप यंत्रणा इतकंच सांगत असते की सिग्नलला इंजिन आपोआप बंद करायला ती सध्या तयार नाही. त्यातही आधी एक पाहून घ्यावं. डॅशबोर्डवरचं त्याच चिन्हाचं बटण कुणीतरी दाबलेलं असेल, तर यंत्रणा तुम्हीच बंद केलेली आहे. बटणाला हात लागलेला नसेल, तर नकार गाडीचा आहे. त्यामागे बहुतेक वेळा एसी असतो, नाहीतर बॅटरी.

नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी तुम्ही बाहेर काढता. आत भट्टी पेटलेली. एसी २२ अंशांवर लावून ब्लोअर पूर्ण सोडता. पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे इंजिन थांबलं की गारवा तयार होणंही थांबतं; ब्लोअर नुसता वारा ढकलत राहतो आणि तो वारा बघता बघता कोमट होतो. म्हणून आतलं तापमान तुम्ही मागितलेल्या तापमानापासून फार लांब असेल, तर एसीचं नियंत्रण इंजिन बंद होऊ देत नाही. काच साफ करायचा डीफ्रॉस्ट पूर्ण लावला असेल तरी तेच. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी गार झाली की पुढच्या एखाद्या सिग्नलला इंजिन गुपचूप बंद होतं. यात बिघाड काहीच नाही. ज्या हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर विजेवर चालतो, तिथे ही अडचण येत नाही.

बॅटरीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. सिग्नलला इंजिन थांबलं की अल्टरनेटरही थांबतो; दिवे, ब्लोअर, गाणी सगळं बॅटरीवर येतं. वर सिग्नल हिरवा झाला की त्याच बॅटरीला सेल्फ फिरवायचा असतो आणि सेल्फ क्षणभर शेकडो अँपिअर ओढतो. भर चौकात इंजिन सुरूच झालं नाही तर काय, हा धोका गाडी पत्करत नाही. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, व्होल्टेज आणि तापमान किती, याचा हिशेब तो ठेवतो. चार्ज साधारण तीन चतुर्थांशाच्या खाली गेला की अनेक गाड्या स्टार्ट-स्टॉप बंद करतात. नेमकी मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी.

गंमत अशी, की सकाळी अशीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, म्हणून मालकाला बॅटरी ठणठणीत वाटते. पण दिवसातून एकदा इंजिन सुरू करणं वेगळं आणि एका फेरीत दहादा करणं वेगळं. म्हणून थकत आलेली बॅटरी आधी स्टार्ट-स्टॉप सोडते आणि सेल्फला दगा त्यानंतर देते. कोथरूड ते डेक्कन अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्याच करणाऱ्या गाडीत तर बॅटरी धड असूनही रेघ दिसत राहते, कारण सुरू करताना खर्च झालेली वीज भरून यायला वेळच मिळत नाही.

दोष कुणाचा, हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं. इंजिन गरम झाल्यावर, सीटबेल्ट लावलेला असताना, सिग्नलच्या आधी एसी बंद करून पाहा. इंजिन थांबलं, तर कारण एसी. नाही थांबलं, तर एकदा हायवेवर तासभर गाडी पळवा. तरीही रेघ कायम असेल, तर गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे जेमतेम तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यावर मात्र जाऊ नका. हल्लीचे अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमीजास्त करतात. आणि व्होल्टेज चांगलं असूनही जुनी बॅटरी भार आल्यावर कोसळू शकते, त्यासाठी दुकानात लोड टेस्टच करावी लागते.

बॅटरी बदलायची ठरलीच, तर दुकानदार त्याच मापाची साधी बॅटरी स्वस्तात बसवून द्यायला तयार असतो. ती बसते, गाडीही सुरू होते. पण स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, कारण वारंवार उतरणं आणि भरणं तिला सोसतं. मूळ गाडीत जो प्रकार होता तोच घ्यावा. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर गाडी जुन्याच बॅटरीचा हिशेब पुढे चालवते. डॅशकॅम किंवा जादा हॉर्न बसवताना त्याची अर्थिंगची वायर थेट मायनस टर्मिनलला न जोडता बॉडीला जोडायला सांगा. थेट टर्मिनलवरून गेलेली वीज सेन्सरला दिसतच नाही.