एका कांद्यातली दोन विभाजने

काठोकाठ पाणी भरलेल्या बरणीच्या तोंडावर एक कांदा बसवला, की दोन-तीन दिवसांत त्याच्या बुडाला पांढरी मुळे सुटतात. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी याच मुळांवर होते. तोच कांदा वाफ्यात लावून थंडीनंतर त्याला डेंगळा येऊ दिला, तर डेंगळ्याच्या शेंड्यावर फुलांचा गोंडा धरतो. त्यातल्या मिटलेल्या कळ्यांमध्ये दुसऱ्याच प्रकारचे विभाजन चालू असते. मुळाच्या टोकात होते ते सूत्री विभाजन, म्हणजे मायटॉसिस. कळीतल्या परागकोशात होते ते अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे मिऑसिस. दोन्ही विभाजने एकाच कांद्यात असल्याने सुरुवातीचा गुणसूत्रांचा संचही एकच असतो, आणि तुलनेला तीच खरी सोय आहे.

कांद्याच्या साध्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. पुस्तकात हे 2n = 16 असे लिहिलेले असते. त्यांतली ८ परागकणाकडून आलेली, ८ बीजांडाकडून. दोन्हीकडच्या आठांची आपसात जोडी लागते, म्हणून त्यांना सजातीय गुणसूत्रे म्हणतात. माणसाच्या पेशीच्या सुमारे पाचपट डीएनए कांद्याच्या पेशीत असतो आणि तो सगळा अवघ्या १६ गुणसूत्रांत बसवलेला असतो. त्यामुळे ही गुणसूत्रे चांगली लांब-जाड असतात आणि महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही मोजता येतात.

मोजायचा नियम मात्र आधीच पक्का करायला हवा. विभाजनाच्या आधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते. त्यानंतर प्रत्येक गुणसूत्र दोन सारख्या धाग्यांचे होते. हे दोन धागे म्हणजे भगिनी क्रोमॅटिड, आणि ते गुणसूत्रबिंदूपाशी एकत्र बांधलेले असतात. मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, धागे नव्हेत. म्हणजे नक्कल झाल्यावरही कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे १६च राहतात, धागे मात्र ३२ होतात. परीक्षेतल्या आकड्यांच्या चुका बहुधा इथूनच सुरू होतात.

इथपर्यंत मूळ आणि कळी यांची वाट एकच असते. पुढे ती फुटते. मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रे पेशीच्या मधोमध येतात, पण प्रत्येक जण सुटा असतो; आपला सजातीय जोडीदार कुठे आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. मग प्रत्येकाचे दोन धागे अलग होतात आणि एकेक धागा एकेका टोकाकडे जातो. कळीतल्या परागमातृपेशीत आधी जोडीदार एकमेकांना शोधतात, लांबीभर चिकटतात आणि आपल्या धाग्यांचे तुकडे अदलाबदल करतात. ही अदलाबदल जिथे झालेली असते, तिथे पुढे फुलीसारखी गाठ दिसते. तिला कायझ्मा म्हणतात. या गाठींनी धरून ठेवलेल्या ८ जोड्या मधोमध येतात, आणि नंतर अलग होतात ते जोडीदार. धागे अजून बांधलेलेच राहतात आणि ते अलग व्हायला आणखी एक विभाजन लागते.

कांद्याचेच आकडे घालून ही तुलना अशी मांडता येते:

| मुद्दा | सूत्री विभाजन: मुळाचे टोक | अर्धगुणसूत्री विभाजन: परागकोश |
|---|---|---|
| डीएनएची नक्कल | एकदा, विभाजनाआधी | एकदाच, पहिल्या विभाजनाआधी. दोन विभाजनांच्या मध्ये नाही |
| केंद्रकाची विभाजने | एक | लागोपाठ दोन |
| सजातीय जोड्या | जुळत नाहीत | पहिल्या पूर्वावस्थेत जुळतात |
| तुकड्यांची अदलाबदल | सहसा नाही | होते. कायझ्मा दिसतात |
| मध्यावस्थेतले दृश्य | १६ सुटी गुणसूत्रे | पहिली: ८ जोड्या, दुसरी: प्रत्येक पेशीत ८ सुटी गुणसूत्रे |
| पश्चावस्थेत काय अलग होते | भगिनी क्रोमॅटिड | पहिली: सजातीय गुणसूत्रे, दुसरी: भगिनी क्रोमॅटिड |
| प्रत्येक टोकाकडे काय जाते | १६, एकेरी धाग्याची | पहिली: ८, दुहेरी धाग्याची, दुसरी: ८, एकेरी धाग्याची |
| तयार होणाऱ्या पेशी | २ | ४ |
| प्रत्येक पेशीतली गुणसूत्रे | १६ | ८ |
| जनुकीय साम्य | मूळ पेशीसारख्याच | मूळ पेशीहून आणि एकमेकींहूनही वेगळ्या |

तक्ता पाठ करायला बसण्याआधी ‘पश्चावस्थेत काय अलग होते’ ही ओळ नीट समजून घ्यावी, कारण बाकीच्या बऱ्याच ओळी तिच्यातून काढता येतात. भगिनी क्रोमॅटिड अलग झाले, तर ते एकमेकांच्या नकला असल्याने दोन्ही टोकांना तोच संच पोचतो. जोडीदार अलग झाले, तर प्रत्येक टोकाला जोडीतला एकेकच मिळतो आणि संख्या निम्मी होते. कोणता जोडीदार कुठल्या टोकाला जाईल, हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरते. कांद्यात अशा ८ जोड्या, म्हणून अदलाबदल बाजूला ठेवली तरी 2⁸ म्हणजे २५६ प्रकारचे संच तयार होऊ शकतात.

आता दुसऱ्या विभाजनाबद्दलचा नेहमीचा गोंधळ. ते सूत्री विभाजनासारखे दिसते, म्हणून पुष्कळ विद्यार्थी त्याच्याही आधी डीएनएची नक्कल झाली असे गृहीत धरतात. तसे झाले असते तर शेवटच्या पेशींत ठरलेल्यापेक्षा दुप्पट डीएनए उरला असता. शिवाय अदलाबदलीनंतर हे भगिनी धागे तंतोतंत सारखे राहिलेले नसतात. दुसरा गैरसमज असा, की सूत्री विभाजन फक्त दोन संच असलेल्या पेशींतच होते. कांद्याचा परागकणच तो खोडून काढतो. अर्धगुणसूत्री विभाजनातून तयार झालेली ८ गुणसूत्रांची पेशी पुढे परागकण होताना सूत्री पद्धतीने विभागते, आणि तिच्या दोन्ही पेशींत ८-८ गुणसूत्रेच राहतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून विभाजनाचा प्रकार ठरवू नये. जोड्या जुळल्या का आणि अलग काय झाले, हे पाहावे.

पण पहिल्या विभाजनात जोडीदार सुटे होत असताना धागे बांधलेले कसे राहतात? दोन धाग्यांना कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी धरून ठेवते. ती कापण्याचे काम सेपरेज या विकराचे. मुळाच्या पेशीत पश्चावस्था सुरू होताना गुणसूत्रबिंदूपाशी उरलेल्या कड्या कापल्या जातात आणि धागे मोकळे होतात. कळीत पहिल्या वेळी फक्त बाहूंवरच्या कड्या तुटतात. त्यामुळे कायझ्माची पकड सुटते आणि जोडीदार दूर जातात, पण गुणसूत्रबिंदूजवळच्या कड्यांवर एक राखणदार प्रथिन बसलेले असते. त्याचे नाव शुगोशिन. जपानी भाषेत त्याचा अर्थ रक्षण करणारी देवता असा होतो, आणि २००४ साली हे नाव जपानी संशोधकांनीच दिले. दुसऱ्या विभाजनापर्यंत हा पहारा उठतो आणि उरलेल्या कड्याही कापल्या जातात.

यात चूक झाली तर ती कुठे झाली, हे पेशींच्या चौकडीवरून ओळखता येते. समजा, एका परागमातृपेशीत पहिल्या विभाजनाच्या वेळी एक जोडी अलगच झाली नाही आणि दोघेही एकाच टोकाला गेले. मग एका पेशीत ९ आणि दुसरीत ७ गुणसूत्रे येतील. दुसरे विभाजन सुरळीत झाले तरी चार पेशींचे आकडे ९, ९, ७, ७ असे येणार. एकही पेशी बरोबर नाही. उलट, पहिले विभाजन नीट झाले आणि दुसऱ्या वेळी एका पेशीत एका गुणसूत्राचे धागे सुटले नाहीत, तर आकडे ८, ८, ९, ७ असे येतील. निम्म्या पेशी वाचतात.

माणसात याच चुकीतून डाउन सिंड्रोम उद्भवतो. त्यात २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ही जास्तीची प्रत बहुतेक वेळा अंडपेशीतून येते, आणि त्याला कारण आहे. स्त्रीच्या अंडपेशींचे पहिले विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होते, पूर्वावस्थेत थांबते आणि ती अंडपेशी बाहेर पडण्याच्या वेळी पुढे सरकते. मध्ये कधी १५ वर्षे जातात, कधी ४०. तेवढा काळ कोहेसिनच्या त्याच जुन्या कड्यांना तग धरावा लागतो आणि वयाबरोबर त्यांची पकड सैल होत जाते. आईचे वय ४० असेल तर हा धोका साधारण शंभरात एक इतका मानतात. विशीत तो हजारात एकाहूनही कमी असतो.

तक्त्यातले आकडे प्रत्यक्ष पाहायचे, तर नमुना नेमक्या वेळी घ्यावा लागतो. मुळे दीड-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी टोके कापतात आणि एक भाग ॲसेटिक आम्ल व तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवतात. मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ती मऊ करून ॲसिटोकार्मिनने रंगवतात आणि काचेखाली अंगठ्याने दाबतात. टोकाच्या दोन-एक मिलिमीटरमध्येच विभागणाऱ्या पेशी मिळतात. जरा वरचा भाग घेतला, की लांबट, शांत पेशीच दिसतात. कोल्चिसिन दिले तर तर्कुतंतू बनत नाहीत, धागे अलग होऊन टोकांकडे जात नाहीत आणि १६ गुणसूत्रे सुटी-सुटी मोजता येतात. हा परिणाम स्वीडनच्या आल्बर्ट लेवान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवरच दाखवला. पुढे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ यांच्यासह त्यांनी माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ असल्याचे सिद्ध केले.

कळ्यांचे काम जास्त चिकाटीचे असते. एका गोंड्यात शेकडो कळ्या असतात आणि त्या एकाच वयाच्या नसतात, म्हणून लहान-मोठ्या कळ्या निवडून एकेकीचा परागकोश फोडून पाहावा लागतो. परागकोश पिवळा दिसला, तर उशीर झालेला असतो. आत पराग तयार आहेत. तो अजून फिका, काचेसारखा असेल तर तीच कळी रंगवावी. काचेवर पेशींच्या जोड्या दिसल्या, तर पहिले विभाजन आटोपले आहे, कारण कांद्यात पहिल्या विभाजनानंतर लगेच आडभिंत पडते. चार-चार पेशींच्या चौकड्या दिसल्या, तर दोन्ही विभाजने उरकलेली आहेत. अशा वेळी त्याच गोंड्यातली आणखी बारीक कळी घ्यावी आणि ८ जोड्या दिसेपर्यंत शोधत राहावे.